हॉल बुक केला, लग्न मोडलं… अ‍ॅडव्हान्सचं काय?

हा एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर आहे. बोलताना जे 'म्हणजे कसं' आणि 'अरे थांब' येतं ते थोडं कमी केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

एका श्रोत्याने पावतीचा फोटो पाठवला होता. मंगल कार्यालयाची गुलाबी पावती, खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'अ‍ॅडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.' त्याचा प्रश्न साधा होता. लग्न अडीच महिने आधी मोडलं, एक लाख रुपये अडकलेत, आणि मॅनेजर त्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो की साहेब, तुम्ही सही केलीय. मग विषय संपला का?

नाही संपला. पण एक लाख अख्खे परत मिळतील असंही नाही. उत्तर मध्ये कुठेतरी असतं, आणि ते नेमकं कुठे पडेल हे दोन गोष्टींवरून ठरतं: करारात काय लिहिलंय, आणि तुम्ही रद्द केल्यामुळे हॉलचं खरंच किती नुकसान झालं. मी वकील नाही, दिवसभर कोड लिहितो. पण यातले मुख्य निकाल वाचलेत, आणि खरं सांगायचं तर ते वाटतात तेवढे अवघड नाहीत.

आधी शब्द नीट बघूया

आपण हॉलला दिलेल्या सगळ्या पैशाला सरसकट 'अ‍ॅडव्हान्स' म्हणतो. पण पावतीवर तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, विसार किंवा बयाणा. व्यवहार नक्की झाला याची खूण म्हणून दिलेली छोटी रक्कम. घराच्या व्यवहारात आपण 'विसार पावती' म्हणतो ना, तेच. दुसरी, अनामत रक्कम, म्हणजे डिपॉझिट. खुर्च्या तुटल्या, भिंतीला डाग पडले तर त्यातून कापायची आणि नाहीतर परत करायची. लग्नच झालं नाही तर खुर्च्या तुटायचा प्रश्नच नाही, त्यामुळे हे डिपॉझिट ठेवून घ्यायला हॉलकडे काही कारण उरत नाही. आणि तिसरा, खरा अ‍ॅडव्हान्स: एकूण भाड्याचा आधी भरलेला हिस्सा.

हा फरक महत्त्वाचा का, तर व्यवहार मोडणाऱ्याचा विसार जप्त करता येतो हे कोर्टं मान्य करतात, पण तो विसार आहे हे करारात स्पष्ट दिसलं पाहिजे आणि रक्कम वाजवी पाहिजे. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात हे मांडलं. दिल्लीतल्या एका बंगल्याचा व्यवहार होता. घेणाऱ्याने आधी १,००० रुपये विसार दिला, नंतर २४,००० दिले, आणि व्यवहार फिसकटला. करारात लिहिलं होतं की पंचवीसच्या पंचवीस हजार जप्त. कोर्ट म्हणालं, विसाराचे हजार ठेवा. चोवीस हजार मात्र नुसत्या करारातल्या ओळीच्या जोरावर ठेवता येणार नाहीत, कारण तेवढं नुकसान झाल्याचं दिसत नाही.

आता हेच आपल्या हॉलवर लावा. दोन लाखांच्या भाड्यात अकरा हजारांचा विसार ठेवून घेतला, तर त्यावर भांडायला फारसा अर्थ नाही. दोन लाखांपैकी एक लाख घेऊन त्याला 'विसार' असं नाव दिलं, तर नाव बदलल्याने तो विसार होत नाही.

कलम ७४ काय म्हणतं

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्यातलं ७४वं कलम या सगळ्या भांडणाचं मूळ. सोप्या भाषेत: करार मोडला तर किती द्यायचे हे करारातच लिहिलं असेल, तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, आणि ती लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे करारातला आकडा ही वरची मर्यादा आहे. तेवढेच पैसे आपोआप मिळतील अशी हमी नाही. मला हे वाचताना `min(नुकसान, लिहिलेली रक्कम)` असंच दिसलं. दोन्हींपैकी जे कमी, ते.

कलमात 'नुकसान सिद्ध झालं असो वा नसो' असेही शब्द आहेत, आणि हॉलवाल्यांचे वकील बरोबर तिथेच बोट ठेवतात. पण सुप्रीम कोर्टाने याचा अर्थ लावून ठेवलाय. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराचा १९६९चा निकाल आहे. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवायचं कंत्राट. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने त्याचं डिपॉझिट जप्त केलं. कोर्टाने विचारलं, तुम्ही बाजारातून माल घेतला असेल, त्याला किती जास्त पैसे पडले? सरकारने पुरावाच दिला नव्हता. जप्ती टिकली नाही.

आणि २०१५चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल तर आपल्या कामाचा. प्लॉटच्या लिलावातले ७८ लाख प्राधिकरणाने जप्त केले. पण तोच प्लॉट नंतर पुन्हा लिलावात ११.७८ कोटींना गेला. मूळ बोली होती ३.१२ कोटी. कोर्टाचं म्हणणं, तुमचं नुकसान झालंच नाही, उलट फायदा झाला, मग जप्त कशाचं करता?

प्लॉटच्या जागी हॉलची तारीख ठेवून बघा. आता कळलं ना मी कुठे चाललोय?

तीच तारीख दुसऱ्याला गेली का?

हॉलच्या धंद्यात माल म्हणजे तारीख. १४ डिसेंबर एकदा निघून गेली की ती परत विकता येत नाही. त्यामुळे तुम्ही रद्द करता तेव्हा हॉलचं नुकसान होणार की नाही हे जवळजवळ पूर्णपणे एका प्रश्नावर ठरतं: ती तारीख परत विकली गेली का, आणि कितीला?

आपल्याकडे चातुर्मासात लग्नं जवळपास थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. मुहूर्ताची तारीख अडीच महिने आधी मोकळी झाली, तर चांगल्या हॉलकडे वेटिंगवर कुणीतरी असतंच. मुहूर्त नसलेला मंगळवार असेल तर तो रिकामाच जाणार. आणि कितीही चांगला मुहूर्त असला तरी चार दिवस आधी रद्द केलं तर कोण घेणार? पत्रिका छापायलाही वेळ नाही.

श्रोत्याने पाठवलेल्या पावतीवरून एक हिशेब मांडतो. आकडे गोल केलेत आणि जीएसटी बाजूला ठेवलाय. भाडं दोन लाख. जेवण हॉलचंच, ४०० पानं, पानाला ६०० रुपये. जुलैमध्ये एक लाख भरले. लग्न १४ डिसेंबरला. २७ सप्टेंबरला, म्हणजे ७८ दिवस आधी, लेखी कळवून रद्द केलं.

पहिली शक्यता अशी की ऑक्टोबरमध्ये तीच तारीख दुसऱ्या कुटुंबाने घेतली, थोडी घासाघीस करून १,८०,००० ला, आणि ३०० पानं सांगितली. हॉलचं भाड्यात २०,००० नुकसान. जेवणात १०० पानं कमी. इथे मॅनेजर म्हणेल, शंभर गुणिले सहाशे, साठ हजार. नाही! ती शंभर पानं त्याने शिजवलीच नाहीत. तांदूळ, तूप, वाढपी, सगळं वाचलं. बुडाला तो फक्त नफा. पानामागे १५० धरला तर १५,०००. परत जाहिरात, फोन, कागदपत्रं यांचे ५,००० धरा. एकूण ४०,०००. म्हणजे एक लाखातले साठ हजार परत मागायला भक्कम आधार आहे, पावतीवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी शक्यता, तारीख रिकामी गेली. भाड्याचे दोन लाख बुडाले, त्यातून वीज, साफसफाई, माणसं यांचे वीसेक हजार वाचले. भाड्यातलंच नुकसान १,८०,००० आणि जेवणाचा नफा वेगळा. हे एक लाखाच्या वर गेलं, आणि करारात जप्तीची मर्यादा एक लाख अ‍ॅडव्हान्स एवढीच लिहिलीय. म्हणजे हॉल पूर्ण एक लाख ठेवू शकतो, वर ऐंशी हजार मागू शकत नाही. इथे श्रोत्याला काही मिळणार नाही, आणि मिळावं असं मला वाटतही नाही. हॉलवाला तारीख राखून बसला होता, त्याने इतर गिऱ्हाइकं परत पाठवली असतील.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तारीख रिकामी गेली म्हणजे हॉलवाला हात बांधून बसला तरी चालतं असं नाही. कलम ७३च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की नुकसान मोजताना ते कमी करायचे कुठले मार्ग हाताशी होते हेही बघायचं. तारीख मागायला आलेल्यांना 'बुक आहे' सांगून परत पाठवलं असेल, तर ते नुकसान त्याने स्वतः ओढवून घेतलं.

चांगला करार कसा दिसतो

काही हॉल पायऱ्या लिहितात. ९० दिवसांपेक्षा आधी रद्द केलं तर अ‍ॅडव्हान्सच्या २५ टक्के कपात, ९० ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर परतावा नाही, अशा धर्तीवर. असा तक्ता तुमच्या सहीच्या वर असेल आणि बुकिंगच्या वेळीच दाखवला असेल, तर त्याच्याशी भांडणं अवघड जातं. कारण तो नुकसानाचा प्रामाणिक अंदाज वाटतो: तारीख जवळ येते तशी ती विकली जायची शक्यता कमी होते, आणि कपात त्याच प्रमाणात वाढते. 'कोणत्याही परिस्थितीत परत नाही' या ओळीत असा काही विचारच नाही. सहा महिने आधी आणि सहा तास आधी दोन्हीला एकच शिक्षा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित करार' अशी व्याख्याच आहे, आणि झालेल्या नुकसानाच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणं हे त्यातलं एक उदाहरण. फक्त एक तांत्रिक खोच आहे. 'हा करारच अनुचित आहे, ही अट रद्द करा' अशी थेट मागणी जिल्हा आयोगाकडे जात नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. त्यामुळे जिल्ह्यात तक्रार लिहिताना भर सेवेतल्या त्रुटीवर आणि अनुचित व्यापारी प्रथेवर ठेवायचा: तारीख दुसऱ्याला विकून दोन्हीकडून पैसे घेतले, हिशेब द्यायला नकार दिला, वगैरे.

आणि ती बारीक ओळ पैसे भरल्यानंतर हातात आलेल्या पावतीच्या मागे असेल, आधी कुणी दाखवलीही नसेल, तर तसं तक्रारीत जरूर लिहा. करार झाल्यावर एका बाजूने घुसडलेली अट दुसऱ्याने मान्य केली असं म्हणता येत नाही.

'आमची काही चूकच नव्हती' तेव्हा

घरात कुणी गेलं, सुतक आलं, मुलाचा व्हिसा अडकला, लग्नच मोडलं. यात तुमची चूक नसेल, पण कायद्याच्या नजरेत हॉल वापरणं अशक्य झालेलं नाही. हॉल जागेवर उभा आहे, तुम्हाला तो नकोय. त्यामुळे हे तुमच्या बाजूने रद्द करणंच धरलं जातं आणि वरचा हिशेब लागू होतो. (गंमत म्हणजे अशक्यतेबद्दलच्या कलम ५६ मधलं एक उदाहरण लग्नाचंच आहे: दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि त्याआधी एकाला वेड लागलं, तर तो करार रद्द. पण तो त्या दोघांमधला करार, कार्यालयाशी झालेला नव्हे.)

सरकारी बंदी आली तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०२१ आठवतो? महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, असा आदेश निघाला होता. पाचशे माणसांसाठी घेतलेला हॉल पंचवीस जणांसाठी काय कामाचा? कराराचा हेतूच उरला नाही, तर कलम ५६ खाली तो रद्द होतो, आणि कलम ६५ सांगतं की अशा वेळी ज्याने जो लाभ घेतला तो परत करायचा. म्हणजे अ‍ॅडव्हान्स परत. पण आधी करारात अशा प्रसंगाबद्दल काही लिहिलंय का ते बघा. 'सरकारी निर्बंध आल्यास एका वर्षात दुसरी तारीख देऊ' असं असेल, तर आधी त्या कलमाप्रमाणे जावं लागतं.

आणि हॉलनेच रद्द केलं तर? परवाना नाही, डबल बुकिंग झालं, नूतनीकरण काढलं. मग चर्चाच नको. पूर्ण पैसे परत, आणि ऐनवेळी दुसरा महागडा हॉल घ्यावा लागला तर त्या फरकाचीही मागणी करता येते. त्या दुसऱ्या हॉलची पावती जपून ठेवा.

प्रत्यक्षात काय करायचं

रद्द करायचं ठरलं की त्याच दिवशी लेखी कळवा. फोनवर नाही. आपल्याकडे मोठी माणसं 'बघू, कदाचित जमेल परत' म्हणत तीन आठवडे घालवतात, आणि ते तीन आठवडे थेट तुमच्या खिशातून जातात, कारण तारीख विकायला हॉलला तेवढा वेळ कमी मिळतो. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण त्यात तारीख, पावती क्रमांक, आणि हे वाक्य असू द्या: 'ही तारीख आजपासून मोकळी समजावी आणि दुसऱ्या पक्षास द्यावी.'

मग नजर ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मित्राला फोन करायला सांगा: १४ डिसेंबरला हॉल मिळेल का? 'बुक आहे' असं लेखी उत्तर आलं तर स्क्रीनशॉट. आणि सगळ्यात भारी पुरावा १४ डिसेंबरलाच मिळतो. कार्यालयाच्या दारात फुलांच्या कमानीवर नवरा-नवरीची नावं लावलेली असतात. रस्त्यावरून, तारखेसकट, एक फोटो. आत जाऊन कुणाच्या लग्नात गोंधळ घालू नका, जेवायचा आग्रह होईल तो वेगळाच.

मॅनेजर म्हणेल, जीएसटी भरून टाकला, तो कसा परत देऊ? सेवाच दिली नाही तर हॉल रिफंड व्हाउचर काढून, किंवा बिल आधीच काढलं असेल तर क्रेडिट नोट काढून, तो कर आपल्या हिशेबात वळता करू शकतो. जेवढी रक्कम कपात म्हणून ठेवली त्यावर मात्र कर लागतो. त्यामुळे परत येणाऱ्या रकमेवरचा करही परत मागा.

नंतर पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने. त्यात सगळे पैसे मागण्यापेक्षा हिशेब मागा: तारीख कितीला गेली, किती नुकसान झालं, उरलेले परत द्या. हा सूर आयोगासमोर फार उपयोगी पडतो, कारण तुम्ही वाजवी बोलताय हे दिसतं. याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण त्यांच्याकडून विचारणा झाली की बरेच धंदेवाले तडजोडीला येतात.

नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. e-jagriti.gov.in वर ऑनलाइन तक्रार होते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे हॉल नाशिकला आणि तुम्ही हिंजवडीत असाल तर पुण्यात करा. मुदत दोन वर्षं. हे सगळं घरच्या कार्यासाठी. तुमच्या कंपनीने वार्षिक पार्टीसाठी बुक केलं असेल तर 'व्यावसायिक हेतू' म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होऊ शकतं, तिथे दिवाणी कोर्ट.

निकाल लागायला वेळ लागतो हे लपवत नाही. म्हणून तीस-चाळीस टक्के कपातीवर प्रकरण मिटत असेल आणि तारीख परत गेल्याचा पुरावा तुमच्याकडे नसेल, तर मी मिटवून टाकेन.

आणि ज्यांचं बुकिंग अजून व्हायचंय त्यांच्यासाठी. पावती हातात घ्यायच्या आधी तिच्यावर पेनने हे लिहून मालकाची सही घ्या: 'रद्द केल्यास आणि त्याच तारखेस दुसरे बुकिंग झाल्यास, भाड्यातील फरक व रु. ५,००० वजा करून उर्वरित अ‍ॅडव्हान्स ३० दिवसांत परत दिला जाईल.' पहिल्यांदा सगळे नाही म्हणतात. पण बुकिंग हातातून जायची वेळ आली की बरेच जण सही करतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही. जो अजिबात करत नाही, त्याने आपली पद्धत तुम्हाला आधीच सांगितली.

पुढच्या वेळी केटरर, म्हणजे पानं कमी झाली तरी बिल पूर्ण का येतं त्याबद्दल. तुमच्याकडे तशी बिलं असतील तर नाव-नंबर झाकून पाठवा. भेटू.